टिपणात आलेला आवाज

महामार्गाच्या मदतवाहिनीचा नियंत्रण कक्ष आणि प्रशिक्षणाची खोली यांच्यामध्ये प्लायवूडचं एक पार्टिशन होतं. त्याला भिंत म्हणायचं ते केवळ रंग दिलेला होता म्हणून. पलीकडे कुणी खुर्ची सरकवली तरी अलीकडे कळायचं. नवी बॅच आली की पहिल्याच आठवड्यात पलीकडून तो कॉल ऐकू यायचा, आणि अलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेल्या वैजयंतीच्या हातातलं पेन थांबायचं.

कॉल तिचाच होता. कारंज्याच्या अलीकडे महामार्गावर भर दुपारी एक गाडी भरावावरून खाली गेली. नवरा चालवत होता, तो काही बोलत नव्हता. बाई सीटखाली अडकली होती, पण फोन तिच्या हाताला लागला. वैजयंतीनं जे विचारायला हवं ते विचारलं: कितव्या किलोमीटरचा दगड दिसतो, गाडी कोणत्या दिशेला चालली होती, श्वास घेता येतो का. सांगितलेलं सगळं पुन्हा म्हणून पक्कं करून घेतलं आणि रुग्णवाहिका धाडली. ती पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही असा नियम, म्हणून ती बोलत राहिली. बाईनं आपलं नाव सांगितलं, गाव केनवड सांगितलं. मग म्हणाली, "ताई, गच्चीवर कुरड्या वाळू घातल्या हायेत. पोरीले सांगा, झाकून ठेव म्हना." वैजयंती म्हणाली, सांगते. त्यानंतर बाई बोलली नाही. गाडीचा इंडिकेटर तेवढा वाजत राहिला, टिक, टिक, टिक. रुग्णवाहिका वेळेत पोचली. उपयोग झाला नाही.

चूक कुणाचीच नव्हती. उलट कंपनीनं तिला प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजवल्या, आणि तो कॉल 'आदर्श संवाद' म्हणून प्रशिक्षणात घेतला. नाव-गाव वगळलं. जिथं बाई नाव सांगते तिथं आता एक बारीक शिट्टी वाजायची. त्या शिट्टीखाली काय दडलंय ते त्या इमारतीत एकट्या वैजयंतीला ठाऊक होतं, आणि शिट्टी वाजली की तिच्या तोंडातल्या तोंडात ते नाव उमटायचं. तिनं या वर्षी घरी कुरड्या केल्या नाहीत. इंझोरीहून सासूबाईंनी पाठवल्या, त्या तिनं डब्यातून काढल्याच नाहीत.

शेवटी तिनं एचआरची वेळ मागितली.

"रीता मॅडम गोड बोलते बरं," शेजारच्या टेबलावरची शीला म्हणाली. "गोड बोलून बोलून तुलेच शिकवाले बसवीन. उठून येशीन तवा समजन, का आपुन हो म्हनून आलो. सारं लिहून घेजो."

"समोर लिहिलं तं त्याईले राग नाई येनार का?"

"येऊ दे ना! आपुन क्रेनवाल्याचं बी लिहून घेतो. त्याले राग येते का? आन् त्याच दिवशी मेल टाकजो. दुसऱ्या दिवशी मानूस म्हनते, मी असं बोललोच नोतो."

रीता मॅडम नागपूरहून पंधरवड्यातून एकदा येत. त्यांना इथं स्वतःची खोली नव्हती. प्रशिक्षणाच्या खोलीला लागून एक केबिन होतं, त्यात जुने हेल्मेट आणि रिफ्लेक्टरची जाकिटं रचलेली असत. तिथंच टेबल पुसून त्या बसत. वैजयंती आत गेली, बसली आणि घसा खाकरून म्हणाली, "मॅडम, मी लिहून घेतलं तर चालेल का? नंतर मला आठवत नाही नीट."

"घ्या की. आपल्याच घरातलं बोलणं आहे," मॅडम हसल्या. पण त्यांचे डोळे एकदा वहीकडे गेले.

वैजयंतीनं वर तारीख टाकली, दोघींची नावं टाकली आणि लिहू लागली. कॉल घेतानाची सवय होती. माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपल्याला काय वाटलं ते नाही. मॅडम बोलत होत्या. सोमवारपासून तीन महिने फोनऐवजी महामार्गावरचे कॅमेरे पाहायच्या टेबलावर. पगार आणि ज्येष्ठता यांना धक्का नाही, तसं पत्र शुक्रवारपर्यंत त्या स्वतः देतील. अकोल्याच्या समुपदेशक बाईंशी व्हिडिओवर भेटी, खर्च कंपनीचा, आणि तिथं बोललेलं ऑफिसला कळणार नाही. मग मॅडमनी हळूच विचारलं, "आणि तुम्हीच प्रशिक्षक झालात तर? नव्या मुलांना तो कॉल तुमच्या तोंडून..."

"नाही मॅडम. ते मला जमणार नाही."

"बरं. आग्रह नाही." तिनं तेही लिहिलं.

"आता त्या रेकॉर्डिंगचं," वैजयंती म्हणाली. "ते बंद व्हावं, एवढंच माझं..."

नेमकं तेव्हाच पलीकडे कुणीतरी बटण दाबलं.

आधी तिचाच आवाज आला, स्वच्छ, शांत, कुणा दुसऱ्याच बाईचा वाटावा असा. मग बाईचा. मग शिट्टी. वैजयंतीनं मान खाली घातली आणि लिहीत राहिली. पेन थांबवायचं नाही एवढंच तिला कळत होतं. मॅडमचे ओठ हलले की नाही हे तिनं पाहिलं नाही. टिकटिक सुरू झाली, संपली, आणि पलीकडे प्रशिक्षकानं विचारलं, "काय लक्षात आलं?"

मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला दुसरी मीटिंग आहे," त्या म्हणाल्या, आणि हेल्मेटांना धक्का लावत बाहेर गेल्या.

ड्यूटी संपल्यावर वैजयंती कॉम्प्युटरपुढे बसली. वही उघडली. तीन मुद्दे स्वच्छ होते. चौथ्यापुढे तिनं 'रेकॉर्डिंग' असं लिहून खाली रेघ मारली होती, आणि रेघेखाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'ताई, गच्चीवर कुरड्या वाळू घातल्या हायेत. पोरीले सांगा, झाकून ठेव म्हना.' त्याखाली: 'सांगते.' आणि त्याखाली पानाच्या तळापर्यंत नुसती टिंबं. एकाखाली एक, सारख्या अंतरानं.

दोन माणसांच्या बैठकीचं टिपण, आणि त्यात तिसरीच बाई बोलून गेली होती. ज्या एका गोष्टीसाठी ती आत गेली, त्या गोष्टीवर मॅडम काय म्हणाल्या, हो म्हणाल्या, नाही म्हणाल्या की बोलल्याच नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं.

शीलानं खांद्यावरून वाकून पाहिलं. मग म्हणाली, "हे पान फाड बाप्पा. आन् लिहून टाक, का रेकॉर्डिंग बंद करतो म्हनून कबूल झालं. त्या का टेप लावून बसल्या होत्या?"

"त्या म्हनल्याच नसतीन तं?"

"तं त्या नाई म्हनून उत्तर देतीन. नाई देल्लं, तं कबूलच झालं ना! तुयंच भलं आहे त्याच्यात, येडे."

शीलाच्या बोलण्यात तथ्य होतं. वैजयंतीनं तसं टाइपही केलं: 'रेकॉर्डिंग यापुढे वापरणार नाही, असे ठरले.' वाक्य छान दिसत होतं. आजवर इतक्या लोकांचं ऐकून तिनं लिहिलं होतं, पण कुणी न बोललेलं वाक्य त्याच्या नावावर कधी टाकलं नव्हतं. आणि एक वाक्य खोटं निघालं, तर वरच्या तीनवर कोण विश्वास ठेवील? तिनं ते पुसलं. मग हळूहळू लिहिलं:

'आदरणीय रीता मॅडम, आज दुपारच्या भेटीबद्दल आभार. मी टिपून घेतल्याप्रमाणे पुढील गोष्टी ठरल्या.' खाली तीन मुद्दे, प्रत्येकापुढे कोण काय करणार आणि कधीपर्यंत. प्रशिक्षक होण्याला आपण नकार दिला आणि तो मान्य झाला, हेही. मग:

'चौथा मुद्दा रेकॉर्डिंगचा. तो ठरला असे मी लिहू शकत नाही. त्या वेळी शेजारच्या खोलीत तेच रेकॉर्डिंग लागले होते आणि मी तुमच्याऐवजी त्यातले शब्द उतरवून घेतले. माझ्या वहीत त्या जागी जे आहे ते खाली देते. आपण त्या वेळी काय म्हणाला होतात, ते कृपया लिहून कळवावे. वरच्या मुद्द्यांत काही चुकले असल्यास शुक्रवारपर्यंत दुरुस्ती सांगावी.'

त्याखाली तिनं बाईचं वाक्य जसंच्या तसं टाकलं. 'सांगते' टाकलं. टिंबंही टाकली, सगळी. नाव-गाव टाकलं नाही. मग पाठवायचं बटण दाबलं.

शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही. रोज सकाळी मेल उघडायची, आणि उघडताना पलीकडे कान असायचा. शीला म्हणाली, "मी म्हनलंच होतं." शुक्रवारी जेवणाच्या सुटीनंतर कॅमेऱ्याच्या टेबलाचं पत्र आलं, आणि त्याच्या मागोमाग मेल.

'वैजयंतीताई, पहिले तीन मुद्दे आणि तुमचा नकार बरोबर नोंदवला आहे. चौथ्याबद्दल: त्या वेळी मी काहीच बोलले नव्हते. मीही ऐकत होते. ते रेकॉर्डिंग मी मंजूर केलं होतं, पण पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. आजपासून ते प्रशिक्षणातून काढलं आहे. मूळ प्रत नियमाप्रमाणे जपून ठेवावी लागेल, ती पुसता येणार नाही. पण चौकशीखेरीज कुणाला ऐकवली जाणार नाही. प्रशिक्षण विभागाला याची प्रत पाठवली आहे.' सही. आणि सहीच्या खाली, मागाहून सुचल्यासारखं: 'ती टिंबं मला मोजवली नाहीत.'

शीलानं वाचलं आणि तिच्या पाठीत हलकीच थाप मारली. "जिंकलीस ना वं!"

वैजयंतीलाही तसंच वाटलं. थोडा वेळ. चहाला ती बाहेर आली, तर गेटजवळच्या टपरीवर नव्या बॅचमधली एक मुलगी एकटीच उभी होती. गळ्यात नवं कोरं ओळखपत्र, त्यावर सपना असं नाव. हातातल्या कपातला चहा निवून साय धरलेला.

"मॅडम," ती म्हणाली, "तो आवाज तुमचाच हाय ना? मी वळखला." मग इकडंतिकडं पाहून, "मले तं तवापासून आयकू येते. घरी गेली तरी. माय इचारते, काय आयकून राह्यली वं? तुमाले बी येते का?"

वैजयंतीनं पार्टिशनमधून येणारा आवाज बंद करून घेतला होता. पण आजवर जितकी मुलं त्या खोलीत बसली, तितक्या घरी तो आधीच जाऊन बसला होता. कुठल्या कुठल्या गावात, कुणाच्या उशाशी. तो कुठल्या मेलनं काढणार?

"येते," ती म्हणाली. खोटं सांगावंसं वाटलं नाही.

मुलीचे डोळे भरून आले, आणि थोडी हलकीही झाली ती.

"आणखी कुनाले येते? तुया बॅचमंदी?"

"दोघी-तिघी हायेत. सांगत नाईत कोनाले. भेत्रट म्हनतीन म्हनून."

वैजयंतीनं टपरीवाल्याला दोन ताजे चहा सांगितले. बाकावर बसली आणि पर्समधून पेन काढलं. अकोल्याच्या बाईंच्या भेटी तिच्या एकटीसाठी ठरल्या होत्या. तेवढं पुरणार नव्हतं. आजच पाचवा मुद्दा पाठवावा लागणार होता.

"तुयं नाव लिवू का नको, ते तू सांगजो," ती म्हणाली. "पन काय होते ते सांग. मी तुयाच शब्दाईत लिहितो."

सपना बसली. पदराशी चाळा करावा तशी ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत राहिली, मग बोलायला लागली. तिनं पहिलं वाक्य कुरड्यांचं सांगितलं.