आईसमोर न विचारलेला प्रश्न

आमच्या इमर्जन्सी वॉर्डात देव एकच आहे आणि तो म्हणजे मोठ्या सिस्टर. वॉर्ड त्यांचा, चाव्या त्यांच्या, शिस्त त्यांची. मी इंटर्न असताना सुई धरायला त्यांनीच शिकवलं. हात थरथरला तर म्हणायच्या, "पोरी, पेशंट घाबरलाय तेवढं पुरे, तू कशाला घाबरतेस?" आता मी त्याच वॉर्डात सीनियर डॉक्टर आहे. चारचौघांत त्या मला डॉक्टर म्हणतात आणि एकांतात अजून पोरीच.

मी माणूस तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी रजेवरून सकाळी परत आले आणि पहिल्याच बेडवर मोठ्या सिस्टरांची मुलगी दिसली, तेव्हा मात्र तापायचं सोडून मी आधी तिची नाडी धरली. वीस वर्षांची पोर. लहानपणी शाळा सुटली की आमच्या स्टाफरूममध्ये बसून अभ्यास करायची, म्हणून तिला सगळे छोट्या सिस्टर म्हणायचे. नाकावर ऑक्सिजनचा मास्क, कपाळावर घाम, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती.

ज्युनिअरने सगळं सांगितलं. गेल्या आठवड्यात ताप, उलट्या, पोटात कळ, जुलाब. घरात राहणाऱ्या मावसबहिणीलाही तेच. दोघींनी बाहेर काहीतरी खाल्लं असणार, असं सिस्टरच म्हणाल्या. मुलीला इथे आणून सलाईन दिलं, उलटीचं औषध दिलं आणि घरी सोडलं. मग खोकला सुरू झाला, छातीत दुखायला लागलं, धाप लागायला लागली. काल पुन्हा आणलं तर मास्कशिवाय ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. एक्स-रेत आणि सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसं धुरकट. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू केलं. फ्लू, कोविड, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. आणि मुलगी बरी व्हायच्या ऐवजी उतरणीला लागलेली.

"छातीचे सर काय म्हणतात?" मी विचारलं.

संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर आयसीयूत हलवायचं, आणि कदाचित व्हेंटिलेटर, असं सर म्हणाले होते.

"व्यसनांचं कोणी विचारलं?"

ज्युनिअर हळूच म्हणाला, "सिस्टरच म्हणाल्या, तिला काही नाही म्हणून. त्या तिथेच उभ्या होत्या, मॅडम."

मला संताप आला, आणि तो त्याच्यावर नव्हता. आमची सगळ्यांचीच खोड आहे ती. परक्याच्या पोरीला आम्ही नको नको ते विचारतो. घरच्या माणसाच्या पोरीला विचारायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. वॉर्डात रोज पोरांना बोलतं करणाऱ्या बाईची मुलगी, तिला कोण काय विचारणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सिस्टर बेडच्या उशाशी उभ्या होत्या. युनिफॉर्म कडक, चेहरा पांढराफटक. मास्कची पट्टी पुन्हा पुन्हा नीट करत होत्या, ती नीटच असताना. मी म्हटलं, "सिस्टर, पाच मिनिटं बाहेर थांबता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा इंटर्न झाले. "मी तिची आई आहे," त्या म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्हीच शिकवलंय मला. तरुण पेशंटला एकट्यालाच विचारायचं."

त्या गेल्या. पण जाताना मागे वळून पाहिलं नाही, आणि ते मला लागलं.

मी पडदा ओढला आणि स्टूल जवळ घेतलं. मुलीला सांगितलं की तू सज्ञान आहेस, तू जे सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय आईला कळणार नाही, आणि मी रागावणारही नाही. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत अवघड होती.

"काही ओढतेस का?"

"सिगारेट कधीच नाही," ती लगेच म्हणाली.

"मी सिगारेट म्हटलंच नाही."

ती छताकडे बघत राहिली. मशीनवरचा आकडा खाली सरकला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही श्वास पुरत नसताना. मी थांबले. घाई केली असती तर ती मिटली असती.

"पेन आहे," ती शेवटी म्हणाली. "व्हेप. वाफ ओढायचं."

त्यात काय असतं, विचारलं, तर फ्लेवर म्हणाली. मी म्हटलं, नुसता फ्लेवर असला तरी मला सांगच, पण गांजाच्या अर्काचं तेल असलं तर ते आत्ताच कळायला हवं, कारण त्यावर तुझं औषध ठरेल. तिचे डोळे भरून आले. दोन-तीन शब्दांगणिक दम घेत तिने सांगितलं. परीक्षेच्या ताणात सुरू झालं. मैत्रिणीच्या ओळखीतला एकजण कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसवायच्या तेल भरलेल्या नळ्या, द्यायचा. अलीकडची नवी होती, स्वस्त. तो म्हणाला होता, नळी पालथी करून बघ, आतला बुडबुडा हलत नाही, इतकं घट्ट म्हणजे अस्सल माल.



ही बुडबुड्याची परीक्षा मी ऐकून होते. २०१९मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण पोरं अशीच धापा टाकत हॉस्पिटलांत यायला लागली. आली हजारोंनी, आणि काही दगावलीसुद्धा. आधी कुणाला न्यूमोनिया वाटला, कुणाला पोटाचा संसर्ग, कारण बऱ्याच जणांना उलट्या, जुलाब, पोटदुखी आणि ताप होता. जंतू मात्र सापडेनात. शोध घेतला तेव्हा बहुतेकांनी गांजाच्या अर्काची व्हेप ओढलेली निघाली, आणि ती चोरट्या बाजारातली, मित्राकडची नाहीतर असल्याच कुणाकडची. तेलात भेसळ होती व्हिटॅमिन ई ॲसिटेटची. पातळ केलेलं तेल घट्ट दिसावं म्हणून घालायचे. तेच रसायन आजारी पोरांची फुफ्फुसं धुवून काढलेल्या पाण्यात सापडलं. क्रीममधून अंगाला लावलं, गोळीतून पोटात गेलं तर सहसा काही होत नाही, पण तापवून फुफ्फुसात ओढलं की घात. थोड्या रुग्णांनी नुसती निकोटिनची व्हेप ओढल्याचंही सांगितलं होतं, त्यामुळे बाकीच्या रसायनांना कोणी निर्दोष म्हणून सोडलेलं नाही.

बुडबुडा हलत नव्हता म्हणे. मला तो विकणारा समोर हवा होता.

मी छातीच्या सरांना फोन लावला. ते आले, सीटी स्कॅन पुन्हा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि मान हलवली. हे खात्रीने सांगणारी एकही तपासणी नाही, बाकी सगळं वगळूनच इथे यावं लागतं, असं म्हणाले. अँटिबायोटिक चालू ठेवायचं, स्टेरॉइड आत्ताच सुरू करायचं, जोरकस प्रवाहाचा ऑक्सिजन लावायचा. लागू पडेलच असंही नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी इंजेक्शन भरायला वळले, तर मुलीने माझा कोट धरला.

"ताई," ती म्हणाली. मला वाटलं मलाच. "ताईपण तेच ओढते. एकच पेन."

ताई म्हणजे मावसबहीण. दोघींची खोली एक, दप्तर एक, आणि पेनही एक. बाहेरचं खाल्लंय, हा सगळा हिशेब इथे कोसळला. दोघींनी एक पदार्थ खाल्ला नव्हता, दोघींनी एक कार्ट्रिज संपवली होती. आणि ताई घरी पलंगावर पडली होती, कारण मोठ्या सिस्टरांनी आपल्या बहिणीला सांगितलं होतं की पोटाचंच आहे, मीठ-साखरेचं पाणी देत राहा, हॉस्पिटलात आणून गर्दी करू नको.

मुलीच्या फोनवरून ताईला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"बरी आहे मी," पलीकडून आवाज आला. "उलट्या थांबल्या. जरा... खोकला आहे... बस."

मी तिला सलग बोलायला सांगितलं, कालपासून काय काय खाल्लं ते. ती चार शब्द बोलायची आणि थांबायची. त्या थांबण्यात हवा ओढल्याचा आवाज होता. मी तिला तिच्या आईकडे, म्हणजे मुलीच्या मावशीकडे, फोन द्यायला सांगितलं. मावशींना म्हटलं, आत्ता घेऊन या. त्या शांतपणे म्हणाल्या, "आक्कांना विचारते. त्या म्हणाल्यात घरीच ठेव."

कपाळावर हात मारून घ्यावा की फोन फेकावा, कळेना. त्या घरात डॉक्टरापेक्षा आक्कांचा, म्हणजे मोठ्या सिस्टरांचा, शब्द मोठा. आणि आक्का पडद्याच्या पलीकडे उभ्या, त्यांना काहीच माहीत नाही, आणि मी शब्द देऊन बसलेली.

मी मुलीकडे पाहिलं. तिने डोळे मिटले, उघडले.

"बोलवा आईला," ती म्हणाली. "मीच सांगते."

सिस्टर आत आल्या. मुलीने मास्क बाजूला करायला हात वर नेला, तो मी धरला आणि खाली ठेवला. मास्कमधूनच ती बोलली. पेन. तेल. ताईपण. पेन आत्ता ताईच्या उशीखाली. सगळं मिळून पाच-सहा वाक्यं असतील, पण मला तेवढ्यात ती कितीदा थांबते तेच ऐकू येत होतं.

मला वाटलं होतं सिस्टर ओरडतील. नाहीतर रडतील. त्यांनी मुलीच्या कपाळावरचा घाम पुसला, हात तसाच ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी समोर उभी राहिले. कुणाला विचारूच दिलं नाही मी."

"सिस्टर, तुमच्या समोर विचारायची हिंमत आमच्यात नव्हती," मी म्हटलं. ते खरं होतं.

त्यांनी बहिणीला फोन लावला. आवाज तोच, वॉर्ड चालवणारा. "मी चुकीचं सांगितलं तुला. पोटाचं नाही ते. आत्ताच्या आत्ता अँब्युलन्स बोलाव. तिला जिना चालत उतरू देऊ नकोस, खुर्चीवरून न्यायला सांग. आणि उशीखालचं ते पेन पिशवीत घालून आण, फेकू नकोस."

फोन ठेवल्यावर मात्र त्या भिंतीला टेकल्या. मी त्यांच्याजवळ गेले, तर म्हणाल्या, "पोरी, स्टेरॉइड दे आधी." मी दिलं. माझा हात थरथरला, आणि या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

अँब्युलन्स आली. ताईचे ओठ निळसर, डोळे भीतीने मोठे झालेले, आणि तिच्या मागून मावशी, अखंड बोलत. पोरगी कशी गुणी आहे, बाहेरचं खायला किती नाही म्हणते, हिला कसलंही व्यसन नाही हो डॉक्टर, लिहून घ्या. सिस्टरांनी एका हाताने बोटाला यंत्र लावलं, दुसऱ्याने मास्क. आकडा नव्वदच्या खाली होता. मुलीपेक्षा फार वाईट नव्हता, पण मुलीसारखं मशीन लावून लक्ष ठेवायला ताईजवळ घरी कोणीच नव्हतं. अजून एक रात्र मीठ-साखरेचं पाणी पाजत बसले असते सगळे. त्यानंतर काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे, आणि सिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त.

"तू बाहेर थांब," सिस्टर बहिणीला म्हणाल्या.

"मी आई आहे तिची, आक्का."

"म्हणूनच."

मावशींना कळलं नाही, पण आक्कांच्या शब्दापुढे त्या कधीच काही बोलल्या नव्हत्या. दाराकडे वळल्या. ताई घाबरून सिस्टरांचा हात सोडेना. सिस्टर तिची मावशी, आणि मावशी म्हटलं की दुसरी आईच, तिला वाटलं निदान ही तरी जवळ राहील. सिस्टरांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"डॉक्टरांना सगळं सांग," त्या म्हणाल्या. "काय ओढलंस, कुठून आणलंस, शेवटचं कधी. मी पण जाते."

आणि आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर, ज्यांना त्या दिवसापर्यंत तिथे कुणी कधी बाहेर थांबा म्हटलं नव्हतं, स्वतःहून पडद्याबाहेर गेल्या आणि मागे पडदा नीट ओढून घेतला.