‘शक्यतो’ कुठं गेलं?

लोणावळ्यात वलवणच्या रस्त्याला, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर कैलास सरांचं ऑफिस होतं आणि तिथं दिवसभर गोडवा तयार व्हायचा. दवाखाने, विमावाले, रिसॉर्टवाले आपली रुक्ष माहिती पाठवायचे. संगणकातलं यंत्र ती ‘सोप्या, आपुलकीच्या भाषेत’ पुन्हा लिहून द्यायचं. मग तपासणाऱ्यांनी डावीकडं मूळ वाक्य आणि उजवीकडं नवं वाक्य ठेवून बघायचं, की आपुलकीच्या भरात अर्थ कुठं सांडला तर नाही ना.

आणि तो सांडायचाच. डावीकडं ‘जागा असल्यास खोली देण्याचा प्रयत्न करू’ असेल, तर उजवीकडं ‘खोली तुमचीच!’ डावीकडं ‘खर्चाच्या काही भागाची भरपाई’, तर उजवीकडं ‘खर्चाची काळजी सोडा’. यंत्राला अटी म्हणजे भातातले खडे वाटत. निवडून बाजूला टाकायचे, झालं!

राजेश्वरी ही या खड्यांची राखणदारीण. ती परंदवडीची. रोज लोकलनं यायची आणि आल्या आल्या दोन्ही बाजू ओळीला ओळ लावून वाचायची. आधी डावीकडचं, कोण, कधी, कुठल्या अटीवर, हे मनात धरून. मगच उजवीकडचं. नाहीतर नवं वाक्य गोड गोड वाटून डोळ्यात भरतं आणि काय गळलं ते दिसतच नाही. अट गळली की लाल, आश्वासन वाढलं की लाल, सगळं जागेवर असेल तर हिरवा. तिचा लाल कधी चुकत नाही, असं सगळे म्हणत. ती तर सगळ्यांच्या आधी म्हणायची.

शेजारच्या टेबलावर संदीप होता. त्याचं काम तिनं तपासलेल्यातली काही वाक्यं तिची खूण न बघता पुन्हा तपासायची. तो स्क्रीनवर बोट ठेवून वाचायचा आणि वाचताना ओठ हलवायचा.

“संदीप, वाचतोयस की मंत्र म्हणतोयस?” राजेश्वरी विचारायची.

“ताई, मंत्र चुकला तरी चालतो हो. तुमच्या कामात ते चालत नाही,” तो म्हणायचा. आगाऊ कुठला!

त्या आठवड्यात पुण्याच्या एका हाडांच्या दवाखान्याची बॅच आली. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचे प्रश्न आणि उत्तरं. कैलास सर खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, “हे जरा गोडच राहू द्या हं. पेशंट आधीच घाबरलेला असतो. प्रत्येक ओळीत ‘जर’, ‘तर’ आलं की तो पळतो.”

“पळायला गुडघा कुठाय त्याला?” राजेश्वरी म्हणाली. सर हसले. मालकाला हसवता येतं हे तिला ठाऊक होतं.

पण या बॅचवर तिचं मन निराळंच अडकलं होतं. तिच्या आईचे, सरुबाईचे, दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगत होते आणि सरुबाई ऐकत नव्हती. तिचं एकच म्हणणं, “मला लावणीला चिखलात उतरता येनार आसंल तर करते. न्हाईतर ह्यो लंगडा गुडघा काय वाईट हाय?” राजेश्वरीनं हात जोडले, रुसून बघितलं. म्हातारी ढिम्म.

आणि मग ते उत्तर आलं. प्रश्न होता, शस्त्रक्रियेनंतर नेहमीची कामं कधी करता येतील? उजवीकडं यंत्रानं लिहिलं होतं, ‘काळजी नको! तीन महिन्यांत तुम्ही पहिल्यासारखी सगळी कामं कराल.’

राजेश्वरीच्या अंगावर आनंदानं काटा आला. डावीकडचं तिनं वाचलं, म्हणजे नजर त्याच्यावरून गेली. हिरवा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला फोन लावला. “आई, दवाखान्याचंच लिहिलेलं आहे. तीन महिन्यांत सगळी कामं. लावणीसुद्धा!”

सरुबाई म्हणाली, “लिवूनच आलंय म्हन्तीस? मंग घे तारीख.” राजेश्वरीला जिन्यातच रडू फुटलं. डबा तसाच राहिला.

चार दिवसांनी संदीपनं खुर्ची वळवली. “ताई, एक वाक्य. तुमचा हिरवा, माझा लाल.”

“पुन्हा वाच. ओठ हलवून.”

“वाचतो की.” आणि गडी मोठ्यानं डावीकडचं वाचू लागला. “‘बहुतेक रुग्ण सुमारे तीन महिन्यांत घरातली नेहमीची कामं करू लागतात. उकिडवं बसणं, गुडघ्यावर टेकणं आणि जड काम शक्यतो टाळावं. शेतीची किंवा कष्टाची कामं करायची असल्यास डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.’ आता उजवीकडं बघा. ‘बहुतेक’ गेलं, ‘सुमारे’ गेलं, ‘घरातली’ गेलं, ‘शक्यतो टाळावं’ गेलं, डॉक्टर पण गेले. उरली काय, तर ‘सगळी कामं’. ताई, हे तुमच्याकडून सुटलं?”

सुटलं नव्हतं. सोडलं होतं. एवढ्या मोठ्या खड्यावर तिनं स्वतःच्या हातानं साखर पेरली होती!

कैलास सर धावत आले. “अरे, ठेवा की हिरवा! छान वाक्य आहे. लोकांना उमेद वाटते.”

“उमेद नाही सर, थाप आहे,” राजेश्वरी म्हणाली. आवाज इतका चढला, की खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यानं भुंकून साथ दिली. “लाल. आश्वासन वाढलं, अट गळली, दोन्ही. आणि माझं सगळं हिरवं परत काढ, संदीप. या बॅचमधलं सगळं.”

“सगळं?” संदीप जरा खूश झाला. मेल्याला तेवढंच हवं होतं. पण होतं त्याचंच बरोबर.

ती गॅलरीत गेली. समोर धरणाच्या बाजूला धुकं उतरलं होतं. तिनं फोन लावला.

“आई, ते मी सांगितलं ना, ते चुकीचं होतं. लावणीचं त्यात नाही. उकिडवं बसायचं शक्यतो टाळा, असं आहे.”

“शक्यतो म्हंजी?”

“म्हणजे... नाहीच बसायचं, असं धर. शेतीचं डॉक्टरांना विचारूनच.”

सरुबाई हळू आवाजात म्हणाली, “तुजं कामच ह्ये हाय न्हवं? दुसऱ्यांच्या लिवण्यात काय गळलं ते बगायचं?”

“हो. तेच.”

“मला वाईट वाटलं ते माजं मी बगीन. पर चिमाचं काय?”

“शेजारच्या चिमामावशीचं? तिचं काय?”

“आगं, तिचंबी गुडगं गेल्यात न्हवं? मी तिला सांगितलं, राजीनं वाचून सांगितलंय, लावणीसुद्दा व्हतीया. तिचा लेक मनाई करत हुता, त्याच्याशी भांडून तिनं तारीख घेतली. उद्या दाखल व्हायची हाय. ह्या साली समद्यांनी मिळून करायच्या लावणीला, इर्जिकीला, आपुन दोगी जोडीनं उतरायचं ठरलंय.”

आत कैलास सर कुणाला तरी फोनवर सांगत होते, की आमच्याकडं प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं जातं.

“हितंच बसलीय ती, पिशवी भरून,” सरुबाई म्हणाली. “मी न्हाई सांगनार. तूच सांग तिला. आन् गोड करून सांगू नगंस.”

पलीकडं फोन हातातून हातात गेला. “व्हय गं राजी?” चिमाबाईचा आनंदी आवाज आला. “बोल की!”

राजेश्वरीनं दारातून आत बघितलं. संदीपच्या स्क्रीनवर डावीकडचं वाक्य अजून उघडं होतं. ती आत गेली, त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.

“मावशी, ‘बहुतेक रुग्ण’ असं लिहिलंय. सगळे नाही, बहुतेक.”