न कापलेला स्क्रीनशॉट

अंबडच्या ऑफिसात आमच्या टीम लीड भाग्यश्री मॅडमचा नियम होता: स्क्रीनशॉट हवा तेवढाच कापा, चुकीभोवती लाल चौकट काढा, खाली एकच नेमका प्रश्न विचारा.

आज एक एरर दाखवताना घाईत मी अख्खी स्क्रीन ग्रुपवर टाकली. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझ्या मुलाच्या पाळणाघराचा लाइव्ह कॅमेरा चालूच होता. कामाच्या वेळी हे बघते म्हणून आता नोकरी जाणार, असं वाटलं.

मॅडमनी तोच स्क्रीनशॉट परत पाठवला. चौकट एररभोवती नव्हती, कॅमेऱ्यातल्या फाटकाभोवती होती. खाली प्रश्न: "फाटक उघडं आणि बाळ एकटं का?"

तो माझा स्वराज होता. मी पाळणाघरात फोन लावला. "ताई, फाटक!" एवढंच ओरडले.

कॅमेऱ्यात ताई धावल्या, त्याला उचललं.

मॅडमचा मेसेज आला, "आता एरर कापून पाठव. कॅमेरा चालूच राहू दे."