सव्वासातची शिट्टी

शिवरंजनी मॅडमच्या खो-खोच्या बॅचमध्ये निकिता म्हणजे हुकमी एक्का. पण गेल्या गुरुवारी सकाळी साडेआठला ती पळता पळता पांढरीफटक पडली अन् मॅडमच्या काळजाचं पाणी झालं. परभणीचा मे महिना, पारा चव्वेचाळीसवर. निकिताचे वडील बन्सीधर न्यायला आले तेव्हा रागावले नाहीत, तेच वाईट. एवढंच म्हणाले, "मॅडम, पुन्हा असं झालं तर पोरगी घरी बसंल." जूनमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी होती.

त्याच संध्याकाळी मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: "सर्व पालकांना नमस्कार. उष्णतेच्या लाटेमुळे सोमवारपासून बॅच सात ते नऊऐवजी पहाटे साडेपाच ते सव्वासात राहील. मुलांना उपाशी पाठवू नये, एखादं केळं तरी द्यावं. पाण्याची बाटली अन् टोपी हवीच. सव्वासातनंतर एकही मूल मैदानावर थांबणार नाही."

मग काय, ग्रुप तापला. पोरं उठत नाहीत, दूधवाला यायच्या आधी कसं निघायचं, सुट्ट्या कशाला असतात मग. आबासाहेबांनी तर चार मिनिटांचा आवाजी निरोप टाकला. त्यांच्या काळी म्हणे भर दुपारी अनवाणी कबड्डी खेळायचे आणि कुणाला काही व्हायचं नाही. आबासाहेबांचं बी-बियाण्यांचं दुकान, नातू बॅचमध्ये, आणि मैदान ज्या शाळेचं तिच्या समितीवर स्वतः. त्यांनी मनात आणलं तर मैदानाला कुलूप लागायला किती वेळ?

पण तासाभरात आबासाहेबांचं मन पालटलं. नवीन वेळ चांगलीच आहे, फक्त तिचं उद्घाटन झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता वेळेचं कसलं आलंय उद्घाटन! पण आपल्याकडं नारळ फुटल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. त्यांच्या ओळखीचे एक मोठे साहेब येणार होते, सोमवारी पहाटे सहाला. मॅडमच्या निरोपाखाली त्यांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, त्यांच्यामागं सगळ्यांनी अंगठे टाकले, आणि बॅच एकदाची ठरली.

सोमवारी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पोरं साडेपाचला हजर. मैदानावर मांडव घातलेला, त्याच्या फलकावर 'उन्हापासून मुलांचे रक्षण' अशी अक्षरं, आणि त्याहून मोठा आबासाहेबांचा फोटो. मॅडमनी पळणं सुरू करायला शिट्टी तोंडात धरली, तर आबासाहेबांनी पोरांना गेटपासून मांडवापर्यंत दोन ओळींत उभं केलं. पोरं घामानं भिजली तर साहेबांसमोर बरं दिसंल का? प्रत्येकाच्या हातात गुलाबाच्या पाकळ्या दिल्या. मांडव फक्त खुर्च्यांपुरता होता.

सहा वाजले, साडेसहा झाले. साहेब निघालेत, असा फोन तीनदा आला. सातला ऊन पायांवर चढलं. निकितानं टोपी पुढं ओढली, एक पाय बदलला, मग दुसरा. बन्सीधर कुंपणाशी उभे राहून पोरीकडंच बघायलेत, हे मॅडमनी पाहिलं. त्यांना भयंकर राग आला, आबासाहेबांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. सात पंधराला त्यांनी लांब शिट्टी वाजवली. लांब शिट्टी म्हणजे खेळ संपला, हे पोरांच्या अंगात मुरलेलं. पाकळ्या तिथंच टाकून पोरं आपापल्या पिशव्यांकडं धावली.

"मॅडम, पाच मिनिटं. साहेब पूल उतरायलेत," आबासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की माणसं घाबरत.

तरी मॅडमनी ग्रुपवरचा तो निरोप उघडला. मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "सव्वासातनंतर एकही मूल नाही. खाली पहिला अंगठा तुमचाच आहे, आबासाहेब. मैदान काढून घ्यायचं तर घ्या."

पोरं गेली. पालकांना मात्र जाता येईना. आबासाहेबांसमोर पाय कोण उचलणार? साहेब पावणेनऊला उतरले. स्वागताला ओळी तर हव्याच, म्हणून आई-बापच सुकल्या पाकळ्या घेऊन उभे राहिले. साहेबांनी मांडवात बसून नारळ फोडला आणि लहानग्यांना उन्हापासून कसं जपावं यावर चाळीस मिनिटं सांगितलं. समोर लहानगं एकही नव्हतं. ओळीच्या टोकाला, उघड्या डोक्यानं, हात जोडून आबासाहेब.

साडेनऊच्या सुमारास ते मटकन खाली बसले. मॅडमनी बन्सीधरांच्या मदतीनं त्यांना कडुलिंबाखाली आडवं केलं, पाय वर ठेवले, मानेवर ओला रुमाल टाकला, शुद्धीत आहेत हे बघून मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. डोळे उघडल्यावर आबासाहेबांनी आधी साहेब गेले का ते विचारलं. गेले होते.

संध्याकाळी मॅडमनी ग्रुपवर जुनाच निरोप पुन्हा टाकला. शेवटी एकच ओळ वाढवली: "सव्वासातनंतर पालकांनीही मैदानावर थांबू नये."

पहिला अंगठा आबासाहेबांचा आला. मग बन्सीधरांनी लिहिलं, "निकिता उद्या सव्वापाचलाच येईल."