विनंती नको, लाईन

सुनेने फोन ठेवला आणि सासऱ्यांकडे बघून दोन्ही हात झटकले. म्हणजे झालं, सुटलो.

सासऱ्यांनी मान हलवली नाही. त्यांनी टेबलावरची पाटी ओढली आणि खडूने एकच शब्द लिहिला: 'कुठे?'

ते जन्मापासून बहिरे. हयातभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सुनेला लग्नानंतर त्यांच्या हातांची भाषा शिकायला वर्ष लागलं होतं, पण हा 'कुठे?' तिला पहिल्या आठवड्यातच कळला होता. दूधवाल्याने उद्या येतो म्हटलं, कुठे? डॉक्टर म्हणाले बरं होईल, कुठे? जे दिसत नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नसतं. घरात यावरून थट्टा चालायची. नवरा म्हणायचा, "बाबांना देव भेटला तर ते त्याच्याकडेही आधी ओळखपत्र मागतील."

आज मात्र थट्टेचा दिवस नव्हता. सासऱ्यांची धाकटी बहीण दुसऱ्या गावी राहायची, तीही बहिरी. तिला ते 'चिमणी' म्हणत. तोंडाने नव्हे, बोटांची चोच करून. चिमणीचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि उरलेल्याचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं. नंतर पट्टी. पट्टी सुटल्यावर काय दिसेल, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. तेव्हा भावाबहिणीला पोटभर बोलायला आजचीच संध्याकाळ होती.

आणि घरातलं इंटरनेट असं की पडद्यावर हात मध्येच थिजायचे. बोलणाऱ्याचा आवाज तुटला तर अंदाज बांधता येतो. हातांची भाषा तुटली की 'ये' आणि 'जा' सारखेच दिसतात. तळमजल्यावर मोबाईलही खिडकीला चिकटल्याशिवाय लागत नसे. म्हणून नव्या कंपनीची लाईन मागवली होती. तिचा तंत्रज्ञ शिडी आणि केबलचं वेटोळं घेऊन जिन्याखाली बसला होता. पण इमारतीच्या केबलच्या पेटीत एका घराला एकच जागा. मागे कुणाची तरी चालू लाईन चुकून उपटली गेली होती, तेव्हापासून राखणदार पेटीला कुलूप लावायचा. जुनी लाईन रद्द झाल्याचं लेखी दाखवा, मग उघडतो, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणूनच सुनेने खिडकीत उभं राहून जुन्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. जोडणी सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे पलीकडच्या मुलीला त्यांचाच आवाज हवा होता. ते बहिरे आहेत हे दोनदा सांगितल्यावर त्यांच्या मोबाईलवर कोड आला आणि सुनेने तो वाचून दाखवला. मग मुलीने जोडणी चालू ठेवली तर मिळणारी एक सवलत ऐकवली. सून "हो का, बरं" म्हणाली, सवयीने, आणि पुन्हा म्हणाली की आम्हाला बंदच करायचंय. मुलगी म्हणाली, बंद केलं मॅडम. लेखी मागितलं तर म्हणाली, तशी सोय नाही, सगळं सिस्टीममध्ये असतं. वरिष्ठ मागितले तर ते नंतर फोन करतील.

"आणखी काही मदत करू शकते का?"

"केलेली तरी दाखवा," सून म्हणाली. तोवर फोन कटला होता.

आता समोर पाटी होती आणि तिच्यावर 'कुठे?'.

सुनेने मुलीचं नाव आणि विनंतीचा क्रमांक मागून घेतला होता, तेवढं तिच्या तळहातावर पेनने लिहिलेलं होतं. सासऱ्यांनी तो हात धरला, उजेडाकडे वळवला, आणि संगणकासमोर बसले. कंपनीकडे नोंदवलेल्या आपल्याच पत्त्यावरून त्यांनी ईमेल लिहिला. आज दुपारी फोन झाला. अमुक बाई बोलल्या. हा क्रमांक दिला. जोडणी रद्द केली म्हणाल्या, लेखी द्यायला नकार दिला. यात काही चूक असेल तर कळवा, नसेल तर लेखी उत्तर द्या. बोललेल्याला त्यांनी असं एका जागी बसवलं, जशी पाटी भिंतीला ठोकतात.

तेवढ्यात खिडकीत ठेवलेल्या त्यांच्या मोबाईलवर संदेश आला. सुनेने वाचला आणि तिचा चेहरा खुलला: 'तुमची विनंती बंद केली आहे.' ती तो घेऊन जिन्याकडे निघालीच होती, पण सासऱ्यांनी तिच्या कोपराला हात लावला. त्यांनी पाटीवर ते वाक्य उतरवलं आणि 'विनंती'खाली रेघ ओढली. पुढे लिहिलं: 'लाईन?'

सुनेने संदेश पुन्हा वाचला. विनंती बंद झाली होती. लाईन बंद झाल्याचं त्यात कुठेच नव्हतं. दोन कान असून तिने 'बंद' एवढंच ऐकलं होतं.

मग सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कंपनीच्या ॲपमधली चॅटची खिडकी उघडली. सुनेने सवयीने हात पुढे केला. बाहेरच्या जगाशी त्यांच्या वतीने नेहमी तीच बोलायची. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

पलीकडून अक्षरं उमटली. "नमस्कार सर, आपली विनंती बंद केलेली आहे."

"विनंती नको. लाईन," त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं.

थोडा वेळ तीन टिंबं नाचत राहिली. मग उत्तर आलं की नोंदीत असं दिसतं: ग्राहकाला सवलत समजावली, ग्राहक 'बरं' म्हणाले, विनंती बंद. ते 'बरं' सुनेचं होतं. सासरे थांबले नाहीत. सवलत नको. जोडणी आत्ता रद्द करा. पुन्हा कोड आला, या वेळी त्यांनी स्वतः वाचला आणि स्वतः टाकला. मग लिहिलं: "आता इथेच लिहा. जोडणी क्रमांक, आजची तारीख आणि 'सेवा रद्द' हे शब्द."

"सर, चॅटवरून पत्र देता येत नाही."

"पत्र नको. एक वाक्य. नाहीतर हे संभाषण आणि माझा ईमेल तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे पाठवतो. त्यांनीही नाही दिलं तर नियामकाकडे."

त्यात राग नव्हता. पाटीवर दुकानाच्या वेळा लिहाव्यात तसं लिहिलं होतं.  इतक्या वर्षांत सुनेने त्यांना अनोळखी माणसाशी, मध्ये कुणीही न राहता, असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या माणसाला ते बहिरे असल्याचा पत्ताही नव्हता. त्या पांढऱ्या चौकटीत दोघंही सारखेच मुके होते, आणि त्यांच्यापैकी भाषा कुणाची पक्की, ते दिसतच होतं.

टिंबं नाचली, थांबली, पुन्हा नाचली. मग ते वाक्य आलं. क्रमांक होता, तारीख होती, आणि 'सेवा रद्द करण्यात आली आहे'.

सासऱ्यांनी पडद्याचा फोटो घेतला. मग कोपऱ्यातलं 'संभाषण ईमेलवर पाठवा' दाबलं आणि ते पोचल्याचं उघडून पाहिलं. त्यानंतरच खुर्ची मागे सरकवली. 'कुठे?' त्यांनी बोटाने पुसून टाकलं.

राखणदाराने ते वाक्य ओठ हलवत वाचलं आणि खिशातून किल्ली काढली. तंत्रज्ञ शिडीवर चढत म्हणाला, "काका, तुमच्यासारखं गिऱ्हाईक आमच्या कंपनीला न मिळो." सुनेने ते हातांनी सांगितलं. सासरे खो खो हसले, आवाज न होता.

उन्हं कलली तेव्हा पडद्यावर चिमणी आली. पांढरे केस, जाड चष्मा, काचेला नाक टेकवलेलं. भावाने आधी बोटांची चोच केली. तिकडून चोच आली, लगेच, मध्ये न थिजता. मग दोघांचे हात सुटले. लहानपणीचं घर, विहीर, कुणाची तरी नक्कल, मग डोळा, मग भीती. सुनेला बरंच कळत होतं, काही नाही, आणि ती दारातून आत आली नाही.

शेवटी चिमणीने डोळ्यावर तळहात ठेवला आणि विचारलं, पट्टी सुटल्यावर नाही दिसलं तर? तुझं बोलणं कुठे?

सासरे कॅमेऱ्याजवळ सरकले. मग त्यांनी आपल्याच तळहातावर बोटाने एकेक अक्षर गिरवलं, सावकाश, मोठं, पाटी रंगवल्यासारखं. मी येईन. तुझ्या हातावर लिहीन.

चिमणीने आपला उघडा तळहात कॅमेऱ्याजवळ आणला. पडदाभर त्याच्या रेषाच दिसू लागल्या, एकही न तुटलेली.