सोबतीला कोणी नव्हते

परतूरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात लंबकाच्या प्रयोगाचा निष्कर्ष कोणी लिहीत नसे, तो वारसाहक्काने मिळत असे. थोरल्या भावाच्या जर्नलातून धाकट्याच्या जर्नलात. गुरुत्वाचा आकडा नऊशे ऐंशी. आधी तो खाली लिहायचा, मग उलटा हिशेब करून वरचे वेळेचे आकडे भरायचे. सर्जेराव सर सही करायचे आणि सर्टिफिकेट लागलं की पोरं बारावीच्या प्रॅक्टिकलला बसायची.

बेबीनंदाला असा भाऊच नव्हता. आष्टीतल्या तिच्या घरात सायन्सला जाणारी तीच पहिली. प्रयोगशाळेत चार टेबलं, एकेका टेबलाला चौघं, अशी सोळा पोरं, आणि सतरावी ती. तिला कोणी ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. नुसती जागाच नव्हती. मग खिडकीपाशी मोडक्या स्टुलावर तिचा लंबक टांगला गेला आणि वर्षभर तिथंच राहिला. एका हातात घड्याळ, तोंडानं मोजणं, गोळा सोडायलाही आपणच. वीस आंदोलनं मोजून ती मान वर करायची, तेव्हा बाकीच्या टेबलांवर हसणं चाललेलं असायचं. ती परत मोजायला लागायची.

सन अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी. शनिवारपर्यंत जर्नलवर सही, नाहीतर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर आष्टीला परत. सोमवारी तिचं गुरुत्वाचं गणित झालं. चाळीस सेंटिमीटर लांबीला एक हजार छत्तीस. साठला एक हजार दहा. ऐंशीला एक हजार आठ. शंभरला नऊशे अठ्ठ्याण्णव. नऊशे ऐंशीचं नाव नाही.

"आमचं तर बराबर आलं," पलीकडून बद्रीनाथ म्हणाला. सगळ्यांचं नऊशे ऐंशीच येतं, हे ती ऐकूनच होती. घाबरून तिनं खाली लिहून टाकलं: निष्कर्ष, नऊशे ऐंशी.

मंगळवारी सरांनी वही तिच्यापुढे ठेवली. सही नव्हती.

"हा आकडा कुठून आणला? वर तुझ्या तक्त्यात तर कुठंच न्हाई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं खोटं लिहिणारे सुटले होते आणि खरं मोजणारी तेवढी सापडली होती. कारण खोट्यांचं वरचं आणि खालचं जुळत होतं. हे सरांना कळत नव्हतं असं नाही. दहा वर्षं ते कळून सह्या करत होते.

"मंग काय लिहू, सर?"

"आकडे जे म्हणतात ते. त्याच्यापेक्षा जास्त न्हाई, कमी न्हाई. आलेख काढलास?"

तिनं त्या दुपारी आलेख काढला. आडवी लांबी, उभा आवर्तकाळाचा वर्ग. चारही ठिपके जवळजवळ एका रेघेत बसले, पण रेघ शून्यातून जाईना. लांबीच्या अक्षाला ती दोन सेंटिमीटरजवळ छेदत होती. म्हणजे प्रत्येक लांबी दोननं जास्त लिहिली गेली होती की काय? बेबीनंदानं प्रयोगशाळेतली एकुलती लाकडी मीटरपट्टी हातात घेतली. पट्टीच्या सुरुवातीचा रंग हातांनी पुसून गेला होता, पहिले आकडे दिसतच नव्हते, आणि टोक गुळगुळीत झालं होतं. ते टोक शून्य समजूनच ती मोजत आली होती. सगळं कॉलेजही तसंच मोजत आलं असणार, फक्त मोजल्याचं कोणाच्या आकड्यांत उतरलं नव्हतं. तिनं घाईनं लिहिलं: पट्टी दोन सेंटिमीटर झिजली आहे, म्हणून फरक पडला.

बुधवारी वही पुन्हा बिनसहीची.

"पट्टी मोजलीस?"

"न्हाई, सर. पण आलेखावरून..."

"आलेख एवढंच म्हणतो की लांबीत दोनचा फरक आहे. का आहे, ते न्हाई सांगत. दोरा कुठून धरला, गोळ्याचा मध्य कुठं धरला, तिथंही चूक असू शकते. न पाह्यलेलं पाह्यल्यासारखं लिहू नको."

तिला सरांचा राग आला. इतरांना एका झटक्यात सही आणि आपल्याला ही चाळणी! पण सर म्हणाले ते खरं होतं, हे जास्त झोंबत होतं.

गुरुवारी परवानगी घेऊन ती मीटरपट्टी बगलेत मारून बाजारात गेली. रखमाजींच्या कापडाच्या दुकानात सरकारी शिक्क्याचा लोखंडी मीटर होता. तिनं काम सांगितलं. रखमाजींनी तिचं गाव विचारलं, गल्ली विचारली, आणि मग म्हणाले, "ठेव तिथं फळीवर. हात नको लावू, मीच लावतो." त्यांनी लोखंडी मीटर तिच्या पट्टीशेजारी सरकवला. शंभराच्या टोकाला टोक जुळवलं, तर दुसरीकडं पट्टी बोटाच्या एका पेराएवढी आखूड. लोखंडावरच्या खुणांनी बरोबर दोन सेंटिमीटर. रखमाजी म्हणाले, "आमच्यात असं माप ठेवलं तर दंड होतो." तिनं आभार मानले. येताना तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं, नाहीतर तिनं नाचून सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी तिनं तिसऱ्यांदा लिहिलं. चाळीस ते शंभर सेंटिमीटर या टप्प्यात आवर्तकाळाचा वर्ग लांबीबरोबर सरळ रेषेत वाढतो. याच्या बाहेर तपासलेले नाही. वापरलेली पट्टी सुरुवातीला दोन सेंटिमीटर आखूड असल्याचे लोखंडी मापाशी ताडून पाहिले. तेवढी लांबी वजा केल्यावर गुरुत्वाचे आकडे नऊशे शहात्तर ते नऊशे चौऱ्याऐंशी येतात. नेमका नऊशे ऐंशी आला असे म्हणता येणार नाही. तो या टप्प्यात बसतो. त्रुटी: एकाच लांबीच्या तीन वेळांत दोन पंचमांश सेकंदापर्यंत फरक आहे. गोळा सोडणे, आंदोलने मोजणे आणि घड्याळ दाबणे एकाच व्यक्तीने केले. सोबतीला कोणी नव्हते.

शेवटचं वाक्य लिहून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. खोडावं असं वाटलं. पण एकटीनं मोजलेलं तक्त्यातल्या वेळांत दिसत होतं.

शुक्रवारी सरांनी वाचलं, लाल शाईनं सही केली, आणि कधी नव्हे ते वर्गाला म्हणाले, "असं लिहितात. ही वही टेबलावर ठेवतो, बघा सगळ्यांनी. आधीच्या सह्या रद्द. नुसते नऊशे ऐंशी मी आता घेणार न्हाई, उद्या नव्यानं मोजून लिहून आणा." प्राचार्यांच्या कपाटातून नवी पट्टी निघाली. सोळा पोरं तिच्या वहीवर वाकली. बेबीनंदा खिडकीपाशी ताठ बसली. वर्षभरात पहिल्यांदा सगळे तिच्या स्टुलापाशी येतील असं तिला उगीचच वाटलं. वही मात्र सरांच्या टेबलावर होती.

शनिवारी वह्या आल्या. सरांनी बद्रीनाथची उघडली आणि मोठ्यानं वाचली. पट्टी दोन सेंटिमीटर आखूड. दोन पंचमांश सेकंद. एकाच व्यक्तीने केले. सोबतीला कोणी नव्हते. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. सोळाव्या वहीपर्यंत तेच.

"चौघं होतात ना रे टेबलाला?" सर म्हणाले. "आणि काल दिलेली पट्टी तर नवी कोरी. हे दोन सेंटिमीटर कुणाचे?"

वर्गात हशा पिकला. बेबीनंदालाही हसू फुटलं. सरांनी सोळाही वह्या बिनसहीच्या परत केल्या, मुदत दोन दिवसांनी वाढवली, सोमवारी नव्यानं मोजून आणा म्हणाले. पोरं चौघाचौघांनी कुरकुरत आपापल्या टेबलांकडे गेली.

तिची वही सरांनी तिच्या हातात दिली. तिनं ते पान उघडलं. ते शेवटचं वाक्य आता सतरा वह्यांत लिहिलेलं होतं, आणि खरं फक्त तिच्याच वहीत होतं.