यादीत नाव असलं की पुरे

वादळ येऊन आठवडा झाला होता. दादाची बोट परतली नव्हती आणि मी विमा कंपनीच्या प्रसिद्धी विभागात बसून वर्तमानपत्रांसाठी बातमी लिहीत होते. किती दावे आले, किती निकाली काढले, कुठले कागद माफ. मूळ पॉलिसी वाहून गेली असेल तरी चालेल. मृत्यूचा दाखला नसला तरी प्रशासनाच्या यादीत नाव असलं की पुरे. इथवर हात नीट चालला.

"बेपत्ता लोकांचं स्पष्ट लिही," साहेब म्हणाले. "बेपत्तांच्या यादीत नाव आणि वारसाचं हमीपत्र, एवढ्यावर मृत समजून दावा देणार. लोकांना कळू दे."

साहेबांना दादाचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं की खरं होईल, अशी खुळी भीती. 'मृत समजून' लिहिताना वाटलं, आपणच त्याला पाण्यात ढकलतोय. बेपत्तांची यादी माझ्या टेबलावर पालथी पडली होती. ती उलटायची माझी छाती नव्हती. घरी आई रोज त्याचं ताट वाढत होती आणि मीही "येईल गं" म्हणत होते.

बातमी छापून आली आणि फोनचा नुसता भडिमार. माणसं कमी, म्हणून लिहिणाऱ्यांनाही मदतीच्या फोनवर बसवलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

दुपारी एक फोन आला. लाइनवर खरखर होती, तरी पहिल्या शब्दालाच आवाज ओळखला. वहिनी. मी फोनवर बसते हे तिला कुठून माहीत असणार? घरात सगळ्यांना वाटतं, मी आपली लिहिते.

"पेपरात वाचलं. माणूस सापडलेला नाही. यादीत नाव असलं की पुरे ना?"

मी आवाज बदलला. "हो," मी कशीबशी म्हणाले. "नाव... आहे का यादीत?"

"आहे. मीच देऊन आले. पॉलिसी सापडत नाही."

"चालेल. तुमचं ओळखपत्र आणा, बँकेचं पासबुक आणा. हमीपत्र इथेच लिहून घेऊ."

"हमी कसली?"

"माणूस परत आला तर पैसे परत करायचे."

मला ओरडावंसं वाटत होतं, वहिनी, अगं मी आहे! पण मी कोण ते सांगितलं असतं तर तिने फोन ठेवला असता, आणि घरी आम्ही पुन्हा एकमेकींना "येईल गं" म्हणत बसलो असतो. मला तिची भीती वाटली, आणि माझी त्याहून जास्त.

"करीन की परत," ती म्हणाली. "आनंदाने करीन. फक्त एक करा ताई, घरी फोन करू नका. सासूबाई असतात. आणि नणंद आहे, तिला तर अजिबात कळू देऊ नका. तिला अजून वाटतंय, तो येणार आहे."

"नाही कळू देत," मी म्हणाले.